साठातले सात: विषय बदलून मागणारं पत्र

पदव्युत्तर वर्गात दरवर्षी कुणीतरी गाईडच्या केबिनबाहेर घुटमळताना दिसतं. सिनॉप्सिस मंजूर झालेला असतो, प्रश्नावली तयार असते, मुख्य सर्वेक्षणाआधीची छोटी चाचणी म्हणजे पायलटही झालेला असतो, आणि फॉर्म आलेले असतात मोजके. मग पत्र लिहिलं जातं: ‘मॅडम, प्रतिसाद फार कमी आहे, कृपया विषय बदलून मिळावा.’ या एका वाक्यावर विषय बदलून मिळत नाही आणि मिळूही नये, असं माझं मत आहे. कमी प्रतिसाद हे लक्षण आहे. दुखणं विषयात आहे, प्रश्नावलीत आहे की फॉर्म पाठवण्याच्या पद्धतीत, हे पत्रातून कळायला हवं.

एक उदाहरण रचून पाहू. समाजकार्याची एक विद्यार्थिनी लघुप्रबंधासाठी विषय घेते: लहान कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याची कितपत माहिती आहे? दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमावीच लागते. आपल्या कंपनीत अशी समिती आहे का, तक्रार कुणाकडे करायची, ती करावीशी वाटेल का, असे तिचे प्रश्न आहेत. तिला 150 फॉर्म हवेत. पायलटसाठी ती चार कंपन्यांतल्या 60 जणांना एचआरमार्फत गुगल फॉर्मची लिंक पाठवते. दोन आठवडे जातात, मध्ये एकदा आठवण करून दिली जाते, आणि फॉर्म येतात 7.

म्हणजे साधारण 12 टक्के. या हिशेबाने 150 फॉर्म मिळवायला जवळपास 1,300 लोकांपर्यंत पोचावं लागेल. पण साठ जणांच्या पायलटवरून काढलेली टक्केवारी डळमळीत असते. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने खरा प्रतिसाद 6 टक्क्यांपासून 22 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. त्यामुळे गरज 700 लोकांचीही असेल किंवा 2,600 लोकांचीही. एका सत्रात एकट्या विद्यार्थिनीला यातलं काय झेपेल, ते गाईडला लगेच कळतं. म्हणून हे आकडे पत्रात हवेत.

तरीही टक्केवारी एवढंच कारण पुरत नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या टेलिफोन सर्वेक्षणांना 1997मध्ये 36 टक्के प्रतिसाद होता, 2018मध्ये तो 6 टक्क्यांवर आला. तरी त्यांचे राजकीय कलाचे बरेच निष्कर्ष बऱ्यापैकी जुळत राहिले. फसगत झाली ती स्वयंसेवी कामाच्या प्रश्नावर, कारण अशी कामं करणारी माणसंच सर्वेक्षणालाही जास्त उत्साहाने उत्तरं देतात. उलट 1936मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, तेवीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि तरीही रूझवेल्ट हरणार हे त्यांचं भाकीत सपशेल खोटं ठरलं. रूझवेल्ट 48पैकी 46 राज्यांत जिंकले. यादी बहुतांशी टेलिफोन आणि मोटार बाळगणाऱ्यांची होती, आणि त्यातूनही उत्तर देण्याची तळमळ रूझवेल्टच्या विरोधकांना जास्त होती. तेव्हा किती जणांनी उत्तर दिलं नाही याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न असतो: कुणी दिलं नाही?

आपल्या विद्यार्थिनीने ते मोजलं. साठांत 34 पुरुष होते आणि 26 स्त्रिया. आलेल्या सातांत पुरुष 6, स्त्री 1. ज्यांच्यासाठी हा कायदा आहे त्याच गप्प राहिल्या. आता 1,300 लिंक पाठवल्या तरी हाच तोल राहिला तर हाती येईल ते प्रामुख्याने पुरुषांचं ज्ञान, आणि प्रबंधावर नाव मात्र ‘कर्मचाऱ्यांची जागरूकता’ असं असेल.

मग दोष कुठे? सगळ्यात आधी फॉर्म तपासायचा. तिने एकाच व्यक्तीने दोनदा भरू नये म्हणून `Limit to 1 response` ही सोय चालू ठेवली होती. ती चालू असली की फॉर्म भरणाऱ्याला आधी गुगल खात्यात साइन इन करावं लागतं. संशोधकाला त्यामुळे ईमेल दिसतोच असं नाही, पण भरणारीला ते कसं कळणार? त्यातून लिंक आलेली एचआरकडून. विषय छळाचा, दारावर साइन इन आणि पाठवणारा मालकाचा माणूस. कोण भरेल?

म्हणून तिने दुसरी छोटी फेरी केली. तशाच आकाराच्या दुसऱ्या कंपन्यांतल्या 20 स्त्रियांना ऑफिसबाहेर गाठलं, नाव न विचारता छापील फॉर्म दिले, सोबत बंद करायचं पाकीट. पाच पाकिटं परत आली. चार फॉर्मांत वय, नोकरीची वर्षं, शिक्षण असं सगळं भरलेलं होतं आणि ‘तक्रार करावीशी वाटेल का’ हा शेवटचा भाग कोरा. फॉर्मच न येणं वेगळं आणि फॉर्म येऊन नेमका कळीचा प्रश्न कोरा राहणं वेगळं. पहिल्यात पद्धतीचा दोष असू शकतो. दुसऱ्यात बाई कागद हातात घेऊन बसली होती आणि त्या प्रश्नापाशी थांबली. वीसजणी म्हणजे काही पुरावा नव्हे, पण लिंकची अडचण दूर करूनही गाडी तिथेच अडते, एवढं यातून दिसतं.

आता पत्र लिहिता येतं:

‘आदरणीय मॅडम, पायलटच्या दोन्ही फेऱ्यांचे आकडे सोबत जोडले आहेत. पहिल्या फेरीत 26पैकी एकाच महिलेने उत्तर दिलं. पद्धत बदलल्यावर 20पैकी 5 फॉर्म आले, पण चारांत मुख्य भाग कोरा आहे. हा प्रश्न दीर्घ मुलाखतींतून विचारता येईल, पण तेवढा विश्वास कमवायला माझ्याकडे उरलेले चार महिने पुरणार नाहीत. त्यामुळे कायदा तोच ठेवून शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्या आपल्या वार्षिक अहवालांत या तक्रारींची माहिती कशी देतात, हा विषय घेण्याची परवानगी मिळावी. कायद्यावरचं वाचन आणि दुसरं प्रकरण बहुतांश तसंच वापरता येईल. सुधारित सिनॉप्सिस जोडला आहे.’

हा नवा विषय हवेतून आलेला नाही. वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती शिल्लक राहिल्या, हे सूचिबद्ध कंपन्यांनी जाहीर करावं असा सेबीचा नियम आहे. अहवाल कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सगळ्यांना खुले असतात. कुणाच्या उत्तराची वाट पाहायची नाही, आणि कुणाला अवघडून टाकायचं नाही.

पण यात काय गमावलं, तेही पत्रात यायला हवं, नाहीतर चांगला गाईड पहिला प्रश्न तोच विचारेल. लहान कंपन्या, जिथून अभ्यास सुरू झाला होता, त्या आता पूर्ण बाहेर गेल्या. जागरूकतेचा प्रश्नही सुटला, कारण अहवालात तक्रारींची संख्या असते, माहितीची पातळी नसते. ‘शून्य तक्रारी’ असं छापलेलं असलं तर तिथे छळ होत नाही, की बोलायची सोय नाही, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. नव्या सिनॉप्सिसमध्ये ‘कंपन्या किती सुरक्षित आहेत’ असा शब्दप्रयोग दिसला तर तो गाईडने खोडावा. मोजता येतं ते इतकंच: कोण माहिती देतं, किती तपशिलात देतं, वर्षागणिक ती बदलते का.

आधी आलेल्या फॉर्मांचं काय करायचं, हेही सांगून टाकावं. ते नव्या अभ्यासात मिसळायचे नाहीत, कारण ज्या कामासाठी माणसांची संमती घेतली ते काम आता होणार नाही. नैतिकता समितीची मंजुरी जुन्या विषयाला असेल तर बदल तिलाही कळवावा लागतो. पायलटची हकिगत मात्र, फॉर्म कसा पाठवला, कुणी उत्तर दिलं नाही, कुठला भाग कोरा आला, पद्धतीच्या प्रकरणात दोन पानांत लिहावी. पुढच्या वर्षी याच कायद्यावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या दोन पानांची गरज पडेल.