भागीदार निघतो तेव्हा धंद्याची किंमत

भोसरीच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणारं एक मशीन शॉप आहे असं समजू. दोन भागीदार, हिस्सा निम्मा-निम्मा. एकाला आता बाहेर पडायचं आहे. तो म्हणतो, "2023-24 ला 39 लाख नफा झाला. त्याच्या तिप्पट धर, निम्मे मला दे आणि मशिनांचे वेगळे." दुसरा ताळेबंद पुढे करतो, "तुझ्या भांडवल खात्यात 11 लाख आहेत, ते घे." एकाने सगळ्यात चांगलं वर्ष उचललंय. दुसऱ्याने धरलेल्या आकड्यात घसारा वजा होऊन उरलेली मशिनं आहेत, धंद्याची कमाई कुठेच नाही.

आधी नफा स्वच्छ करून घ्यावा लागतो. भागीदारांचा पगार, बँकेचं व्याज आणि आयकर वजा करण्याआधीचा चार वर्षांचा नफा 22, 26, 39 आणि 32 लाख असा आहे. त्यातल्या 39 मध्ये जुनं मशीन विकून आलेला 8 लाखांचा फायदा शिरलाय. मशीन दरवर्षी विकलं जात नाही, म्हणून ते वर्ष 31 चं. दोघेही दिवसभर शॉपवर राबतात. उद्या त्यांच्या जागी माणसं ठेवायची तर प्रत्येकी 6 लाख पगार द्यावा लागेल, म्हणून 12 लाख वजा. गाळा राहणाऱ्या भागीदाराचा स्वतःचा आहे आणि फर्म त्याला नावापुरतं भाडं देते. बाजारभावाने वर्षाला 3 लाख जास्त गेले असते, तेही वजा. उलट घरच्या गाडीचं पेट्रोल आणि मुलांचे फोन मिळून 2 लाख फर्मच्या खर्चात घातलेत, ते परत मिळवायचे. सोयीसाठी चारही वर्षांना एकच फरक, 13 लाख, लावला तर खरा नफा उरतो 9, 13, 18 आणि 19 लाख.

पगाराच्या ओळीवर बहुतेक घरांत भांडण होतं. पण स्वतःच्या घामाचे पैसे नफ्यात मोजले, तर घेणारा धंद्याबरोबर तुमची नोकरीही विकत घेतो आणि तिचेही तीन वर्षांचे पैसे आगाऊ देतो.

साधी सरासरी 14.75 लाख येते. धंदा चढता असल्याने अलीकडच्या वर्षांना जास्त वजन देणं योग्य. 1, 2, 3, 4 असं वजन दिलं की 16.5 लाख. धंदा उतरता असेल तरी हाच हिशेब लावायचा, तेव्हा तो निघणाऱ्याला बोचतो.

आता पट. तीन पट म्हणजे नफा असाच राहिला तर पैसे तीन वर्षांत निघावेत, वर्षाला 33 टक्के. बँकेच्या ठेवीहून हे कितीतरी जास्त आहे, कारण मालकाच्या हातावर चालणारा धंदा हात बदलला की डगमगतो. अशा धंद्यांना ढोबळमानाने दोन ते चार पट धरतात. निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीचं असेल आणि तिथला पर्चेस ऑफिसर निघणाऱ्यालाच फोन करत असेल, तर अडीचवर यावं. फोरमन जुने, गिऱ्हाइकं विखुरलेली, तर साडेतीनही चालेल. आपण तीन धरू. किंमत झाली 49.5 लाख.

खरी चूक यापुढे होते. कॉमर्सच्या पुस्तकात नफ्याला ठरावीक वर्षांनी गुणून गुडविल काढतात आणि ते मालमत्तेत मिळवतात. ती निराळी पद्धत आहे. इथल्या 49.5 लाखांत तो नफा कमावणारी मशिनं, माल आणि रोजची उधारी-येणी आधीच धरलेली आहेत. देणेकऱ्यांचे पैसे वजा करून या सगळ्याची बाजारात किंमत 38 लाख असेल, तर उरलेले 11.5 लाख गुडविल. मशिनांचे वेगळे मागणं म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणं. मात्र तीच किंमत 55 लाख निघाली, तर नफ्याचा हिशेब बाजूला ठेवावा. निघणारा 55 च्या खाली का उतरेल?

49.5 मधून बँकेचं 12 लाखांचं कर्ज वजा करा आणि धंद्याला न लागणारी 4 लाखांची एफडी मिळवा. राहिले 41.5. निम्मे 20.75 लाख. कराचा भाग सीएकडून आधीच तपासून घ्यावा.

एवढी रक्कम एकदम देता येत नाही, म्हणून हप्ते पडतात. करारात वेगळं ठरलं नसेल आणि हिशेब न मिटवता धंदा तसाच चालू राहिला, तर 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 37 नुसार निघालेल्याला त्याच्या रकमेवर 6 टक्के व्याज किंवा त्या रकमेमुळे झालेल्या नफ्यातला वाटा, यातलं हवं ते मागता येतं. कलम 36 प्रमाणे त्याला शेजारच्या गल्लीत तोच धंदा काढायचीही मुभा आहे, फक्त फर्मचं नाव वापरता येत नाही आणि जुनी गिऱ्हाइकं ओढता येत नाहीत. ठरावीक काळ आणि ठरावीक भागात तसा धंदा न करण्याचा वाजवी करार मात्र करता येतो. तो नसेल तर राहणाऱ्याने तीन पट देऊ नये. मोठ्या गिऱ्हाइकाची धास्ती असेल, तर शेवटचा हप्ता त्या कंपनीचं काम वर्षभर टिकण्याशी बांधून घ्यावा. काम गेलं तर किती रक्कम कापायची, हा आकडाही त्याच कागदावर लिहावा.