भिंतीवर हवी तीन चमचे साखर

मधुमेहाच्या दवाखान्यात लावायला कुणी पद्य लिहायला घेतले, की पहिल्या ओळी साधारण अशा सुचतात:

साखरेशी तोडा नाते,
घरी नको तिचा डबा!

यमक पुढे जुळेलही, पण सल्ला धोक्याचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसाचे जेवण लांबले, तर रक्तातली साखर ७०च्या खाली उतरू शकते. त्या वेळी साखर हेच औषध असते. ‘आपल्याला गोड चालत नाही’ एवढेच मनावर ठसलेला रुग्ण नेमका तेव्हा डब्याला हात लावत नाही. म्हणून भिंतीवर हेही हवे:

घाम सुटे, हात कापे,
डोळ्यांपुढे ये अंधारी;
तीन चमचे साखर
पाण्यातून घ्या सत्वरी.

यात लक्षणे आहेत, माप आहे आणि कृती आहे. चमचा चहाचा, तीन चमचे म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, साखर ७०च्या खालीच असेल तर तेवढीच पुन्हा घ्यायची, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायचे. व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी मात्र साखरेऐवजी ग्लुकोज पावडर जवळ ठेवावी. ती गोळी साधी साखर आतड्यात लवकर फुटू देत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला थेट रुग्णालयात न्यावे. एवढे सगळे चार ओळींत मावत नाही, ते पद्याखाली साध्या वाक्यांत लिहावे.

आठ अक्षरांची ओळ इथे सोयीची. लघु-गुरू मोजावे लागत नाहीत आणि ओवीच्या वळणामुळे ती चटकन तोंडात बसते. रोजच्या गैरसमजावरही ती चालते. ‘साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेतो’ असे सांगणाऱ्यांसाठी:

गूळ, मध, काकवीही
साखरेची भावंडेच;
गोडी त्यांची चहातही
रक्तामध्ये साखरच.

आणि जेवणासाठी:

अर्धे ताट भाज्यांसाठी,
पाव डाळ-उसळीला;
उरे पाव जागा तीच
भात किंवा भाकरीला.

‘कमी खा’ म्हटले की प्रत्येकाचे ‘कमी’ वेगळे. अर्धे आणि पाव मात्र ताटाकडे पाहूनच कळते. तरी इथे एक पळवाट राहते: बटाट्याची भाजी. बटाट्यात पिष्ट भरपूर, म्हणून त्याची जागा भात-भाकरीच्या पावात, हेही खाली लिहायला हवे.

पद्य टांगण्यापूर्वी चार-पाच रुग्णांना वाचून दाखवावे आणि थोड्या वेळाने विचारावे, ‘घाम सुटला तर काय कराल?’ ‘साखर घेईन’ एवढेच उत्तर आले, तर ओळ अजून कच्ची आहे. ‘तीन चमचे, पाण्यातून, लगेच’ असे आले, की ती खुशाल भिंतीवर लावावी.