पेनड्राइव्ह आहे, पण दिसत नाही!

मागच्या भागात एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी बसवण्याचा शब्द दिला होता. तो एक आठवडा लांबणीवर पडतो आहे आणि त्याचा दोष आमगावच्या एका वाचकाकडे जातो. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसणाऱ्या या वाचकाने विचारलेला प्रश्न पुढे ढकलण्यासारखा नव्हता.

दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर त्यांनी कितीदा तरी एकाच पेनड्राइव्हने विंडोज टाकले. आता नवा लॅपटॉप आला. तोच पेनड्राइव्ह लावून बूट मेन्यू उघडला, तर यादीत फक्त आतली डिस्क. पोर्ट बदलले, पेनड्राइव्ह परत बनवला, तरी तेच. जुन्या संगणकात लावला की मात्र मुकाट चालू!

पेनड्राइव्ह बिघडलेला नव्हता. दोन्ही यंत्रे त्यात वेगवेगळी गोष्ट शोधत होती.

जुने बायोस पेनड्राइव्हवरच्या फाइली बघतच नाही. ते पहिला सेक्टर, म्हणजे 512 बाइट, उचलते, शेवटी 55 AA ही खूण आहे का ते साधारणपणे तपासते आणि तिथला छोटा प्रोग्राम चालवते. पुढचे काम त्या प्रोग्रामचे. यूईएफआयची रीत निराळी. ते पेनड्राइव्हवरचे विभाग उघडते आणि ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल शोधते. 64-बिट इंटेल किंवा एएमडी यंत्रावर ती अशी:

```
\EFI\BOOT\BOOTX64.EFI
```

फाइल सापडली तर यादीत नाव येते. मात्र विभाग उघडण्यासाठी त्याची फाइल सिस्टिम वाचता यावी लागते. यूईएफआयला फॅट32 वाचता येतेच. एनटीएफएस बहुतेक यंत्रांना येत नाही.

आमगावचा पेनड्राइव्ह रूफसमध्ये `BIOS (or UEFI-CSM)` निवडून बनवलेला आणि एनटीएफएस होता. फाइल आत होती, पण लॅपटॉपला तो विभागच वाचता येत नव्हता. जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सीएसएम ही सोय त्या लॅपटॉपमध्ये नव्हतीच. म्हणून यादीत पेनड्राइव्ह नव्हता.

हे घरबसल्या तपासता येते. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढेच टाइप करायचे:

```
diskpart
list disk
list volume
exit
```

पहिल्या यादीत `Gpt` या रकान्यात तारा असेल तर ती डिस्क जीपीटी. नसेल तर सहसा एमबीआर. दुसऱ्या यादीत `Fs` खाली फाइल सिस्टिम दिसते. `clean` ही कमांड इथे चुकूनही देऊ नये. निवडलेल्या डिस्कवरचे सगळे विभाग ती पुसते.

इथे एक पक्का गैरसमज आहे. यूईएफआय म्हटले की पेनड्राइव्ह जीपीटीच हवा, असे दुकानोदुकानी ऐकू येते. पेनड्राइव्हपुरते ते खरे नाही. एमबीआर पेनड्राइव्हवर फॅट32 विभाग आणि वरची फाइल असली, की यूईएफआयचे काम भागते. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेला विंडोज 10 चा पेनड्राइव्ह असाच असतो, आणि म्हणूनच तो दोन्ही पद्धतींनी बूट होतो. जीपीटीची अट विंडोज घालते, ती आतल्या डिस्कला.

मग लोक एनटीएफएसकडे का जातात? फॅट32 वर एका फाइलला 4 जीबीची मर्यादा आहे आणि विंडोजच्या आयएसओमधली `install.wim` बरेचदा त्याहून मोठी असते. रूफसमध्ये जीपीटी आणि `UEFI (non CSM)` निवडले, तर एनटीएफएससोबत एक छोटा विभाग तयार होतो आणि तोच यूईएफआयला पुढचा रस्ता दाखवतो. आमगावच्या लॅपटॉपवर याच निवडीने पेनड्राइव्ह दिसू लागला.

आणि तिथेच दुसरी गंमत झाली: आता तो जुन्या डेस्कटॉपवर बूट होईना. त्या वाचकांना दोन्हीकडे चालणारा हवा होता, म्हणून शेवटी मीडिया क्रिएशन टूलचा पेनड्राइव्ह केला. ज्या संगणकात दोन्ही पद्धती चालू असतात, तिथे असा पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसत्या नावाने, एकदा आधी `UEFI:` लावून. आतली डिस्क एमबीआर असताना दुसरी नोंद निवडली, तर डिस्क निवडण्याच्या पडद्यावर विंडोज नकार देते. अनेक जण इथेच घाबरून सगळे विभाग पुसतात आणि हिशेबाच्या फाइली गमावतात. संगणक बंद करून नुसत्या नावाची नोंद निवडली, तर ती अडचण येत नाही.

एमबीआर डिस्क माहिती न पुसता जीपीटी करणारे `mbr2gpt` विंडोजसोबतच येते. दोन सिस्टिम शेजारी बसवण्याआधी त्याची गरज पडेल, म्हणून पुढचा भाग तिथूनच सुरू होईल. तोवर वाचकांनी प्रश्न पाठवताना `list disk` आणि `list volume` यांचा पडदा जसाच्या तसा उतरवून पाठवावा.