फ्री ट्रायल किती दिवसांची ठेवायची? आधी गळती मोजा

माझा एक मित्र एकट्याने एक छोटं ॲप चालवतो. गाणं शिकणाऱ्यांसाठी तानपुरा आणि तबल्याचे ठेके, असं त्याचं स्वरूप आहे. ७ दिवसांची फ्री ट्रायल आणि मग महिन्याला ९९ रुपये. त्याने मला विचारलं, "ट्रायल महिनाभराची केली तर जास्त लोक पैसे भरतील ना?" प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर शोधताना आपण नेमकं काय मोजतो, यावर सगळं अवलंबून आहे. संशोधनाची तयारी करत असाल तर हे उदाहरण तुमच्या कामाचं आहे, म्हणून ते सविस्तर मांडतो. खालचे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेले आहेत, त्याच्या ॲपचे नाहीत.

समजा, नव्याने येणाऱ्या लोकांपैकी १००० जणांना ७ दिवसांची ट्रायल दिली आणि १००० जणांना ३० दिवसांची. कोणाला कोणती, हे चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक ठरवलं. आणि दोन्ही गट एकाच काळात चालवले. "मार्चमध्ये ७ दिवस, एप्रिलमध्ये ३० दिवस" असं करू नका. संगीत परीक्षांच्या आधी रियाज वाढतो, आणि मग फरक ट्रायलमुळे पडला की परीक्षेमुळे, हे सांगता येत नाही.

निकाल असा आला: ७ दिवसांच्या गटात ६० जणांनी पहिल्यांदा पैसे भरले, ३० दिवसांच्या गटात ८० जणांनी. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ट्रायल लांब करून टाकतात.

पण पहिला हप्ता म्हणजे ग्राहक नव्हे. पुढचे महिने बघा. ७ दिवसांच्या गटात हप्ते भरणारे महिन्यागणिक असे: ६०, ४८, ४२, ३९, ३७, ३६. ३० दिवसांच्या गटात: ८०, ४८, ३६, ३०, २७, २५. सहा हप्त्यांची बेरीज केली तर पहिल्या गटात २६२ हप्ते जमा झाले, दुसऱ्यात २४६. म्हणजे जो गट पुढे दिसत होता, तो मागे पडला.

अजून एक गोष्ट सुटते. ३० दिवसांच्या गटाचा पहिला हप्ताच उशिरा येतो. साइन-अपपासून २४ आठवडे धरले, तर ७ दिवसवाल्यांचे सहा हप्ते त्यात बसतात आणि ३० दिवसवाल्यांचे पाचच. मग तुलना २६२ विरुद्ध २२१ अशी होते. म्हणून दोन नियम लक्षात ठेवा. भाजक कायम "ट्रायल सुरू केलेले लोक" हाच ठेवायचा, "पैसे भरलेले लोक" नाही. आणि घड्याळ ट्रायल सुरू झाल्यापासून लावायचं, पैसे भरल्यापासून नाही.

आता ८० वरून एकदम ४८ का झाले? महिनाभराच्या ट्रायलमध्ये काही जण ॲप विसरून जातात. खात्यातून पैसे गेले की त्यांना आठवतं आणि ते लगेच रद्द करतात. ते पैसे भरणारे दिसतात, पण खरं तर आधीच गेलेले असतात. हे तपासणं सोपं आहे: पहिला हप्ता भरणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याआधीच्या सात दिवसांत ॲप उघडलं होतं? न उघडणारे जास्त असतील, तर तुमची विक्री विसरभोळेपणावर चालली आहे. भारतात तर ती तशी चालणारही नाही. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांनुसार पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते. झोपलेला ग्राहक त्या मेसेजने जागा होतो आणि रद्द करतो.

हा निव्वळ माझा तर्क नाही. हेमा योगनरसिंहन आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत ७, १४ आणि ३० दिवसांची ट्रायल यादृच्छिक वाटून पाहिली. सरासरीत ७ दिवसांची ट्रायल सरस ठरली. कारण मोठं रंजक आहे: ट्रायल लांबली की वापर वाढतो, पण शेवटाकडचे न वापरलेले दिवसही वाढतात, आणि दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. मात्र यावरून "७ दिवस कायम बरे" असं म्हणू नका. त्यांचं उत्पादन वेगळं, वापरण्याची लय वेगळी. रियाजाच्या ॲपचं बघा: गाण्याची शिकवणी बहुतेकांची आठवड्यातून एकदा असते. ७ दिवसांत एकच तास येतो, तोही एखाद्याचा बुडतो. १४ दिवसांत दोन तास आणि मधला घरचा रियाज, दोन्ही येतात. म्हणून ट्रायलची लांबी कॅलेंडरवरून ठरवू नका. जे लोक पुढे टिकले, त्यांना ॲपची सवय कितव्या दिवशी लागली, हे जुन्या नोंदींत शोधा आणि त्यावर थोडे दिवस वाढवा.

किमतीलाही हाच हिशेब लागतो. ९९ चे १४९ करायचे का? प्ले स्टोअर सबस्क्रिप्शनवर १५ टक्के घेतं, पण तो वाटा दोन्ही किमतींत सारख्याच प्रमाणात जातो, त्यामुळे तुलनेत तो कटतो. ९९ भागिले १४९ म्हणजे सुमारे ०.६६. २६२ हप्त्यांचे ०.६६ पट म्हणजे साधारण १७४. थोडक्यात, १४९ रुपयांना २४ आठवड्यांत १७४ पेक्षा जास्त हप्ते आले तर वाढ परवडली. इथेही पहिल्या हप्त्याचे लोक मोजून निर्णय घेऊ नका. महाग झाल्यावर काही जण आधीच येत नाहीत, पण येतात ते जास्त टिकूही शकतात. उलटही होऊ शकतं. बेरीज केल्याशिवाय कळत नाही.

आता अडचणीची गोष्ट. १००० पैकी ६० आणि ८० हा फरक पक्का आहे का? फरक २ टक्क्यांचा, आणि त्याची प्रमाण त्रुटी सुमारे १.१ टक्का. ९५ टक्क्यांचा विश्वासांतर काढला तर तो साधारण उणे ०.२ पासून ४.२ पर्यंत जातो. म्हणजे त्यात शून्यही बसतं. असा फरक नीट पकडायला (८० टक्के शक्ती धरून) प्रत्येक गटात सुमारे २,५५० लोक लागतील. मित्राकडे महिन्याला २०० नवे लोक येत असतील, तर दोन वर्षांहून जास्त काळ गेला!

म्हणून मी त्याला सांगितलं ते असं. ७, १०, १४, २१ अशा बारीक पायऱ्या तपासू नकोस, तेवढे लोक तुझ्याकडे नाहीत. लांबी वापराच्या नोंदींवरून ठरव, ती १४ येते असं दिसतंय. मग प्रयोग फक्त किमतीचा कर, तोही ९९ आणि १४९ असा ठळक फरकाचा. दोन्ही गोष्टी एकदम बदललास तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. किती आठवडे चालवायचा आणि कोणता आकडा बघून थांबायचं, हे सुरू करण्याआधी लिहून ठेव. दर आठवड्याला डोकावून, मनासारखं दिसलं की थांबलास, तर योगायोगालाच निकाल समजशील.

त्याने विचारलं, "आणि निकाल अस्पष्टच आला तर?" तर ९९ च ठेव. कारण वाढवलेली किंमत मागे घेतली की १४९ भरणारे विचारतात, आमचे ५० का घेतलेत? पुढे वाढवायचा रस्ता मात्र मोकळाच राहतो.