स्लाइड पुढे सरकत नाही तेव्हा

संगणकाच्या लेखी वायरलेस क्लिकर म्हणजे दोन-चार कळांचा छोटा कीबोर्डच. पुढच्या स्लाइडचे बटण दाबले की तो बहुधा Page Down ही कळ दाबल्याचा संदेश पाठवतो, मागच्या स्लाइडसाठी Page Up. हा संदेश २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या रेडिओलहरींवरून यूएसबी पोर्टात खोचलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या रिसीव्हरपर्यंत जातो. रिसीव्हर तो संगणकाला देतो आणि संगणक ती कळ त्या क्षणी जी विंडो चालू असेल तिच्या हवाली करतो. या वाटेवर कुठेही अडथळा आला, तरी सभागृहात बसलेल्यांना दिसते ते एकच: स्लाइड हलत नाही. म्हणून हाताला येईल ते बदलत सुटण्याआधी संदेश कुठवर पोहोचतो ते पाहावे.

त्याची तपासणी सोपी आहे. स्लाइड शो बंद करून पाच-दहा पानांची कुठलीही वर्ड किंवा पीडीएफ फाइल उघडावी, तिच्यावर माउसने एकदा क्लिक करावे आणि क्लिकरचे बटण दाबावे. पान खाली सरकले, तर सेल, रेडिओ आणि पोर्ट तिन्ही ठीक आहेत. गडबड सादरीकरणाच्या विंडोत आहे. पान जागचे हलले नाही, तर दोष त्या तिघांतच शोधायचा. लेझरचा लाल ठिपका दिसतो म्हणून क्लिकर चालू आहे, असे बरेच जण धरून चालतात. ती खूण फसवी आहे. लेझर क्लिकरमधल्या सेलवर थेट पेटतो, त्याचा रिसीव्हरशी काही संबंध नसतो. रिसीव्हर घरी विसरला तरी ठिपका भिंतीवर दिसणारच.

विंडोचा घोळ वाटतो त्याहून जास्त वेळा होतो. स्लाइड शो चालू असताना ऑनलाइन बैठकीची विंडो पुढे आली, किंवा वक्त्याने मध्येच दुसरी फाइल उघडून दाखवली, की क्लिकरची कळ तिकडे जाते. पडद्यावर स्लाइड दिसत असते, पण कळ तिच्यापर्यंत येत नाही. अशा वेळी स्लाइडवर एकदा क्लिक करणे पुरते. त्याने स्लाइड एक घर पुढे गेली तर मागे घ्यावी. क्वचित फाइलच तशी जतन केलेली असते. प्रदर्शनात आपोआप चालत राहावी म्हणून बनवलेल्या पॉवरपॉइंट फाइलमध्ये Set Up Slide Show मध्ये Browsed at a kiosk हा पर्याय निवडलेला असतो आणि मग कीबोर्डच्या कळांनीही स्लाइड पुढे जात नाही. तिथे Presented by a speaker निवडले की काम होते.

दोष पोर्टाकडे असेल तर तो ओळखायला सगळ्यांत कठीण जातो, कारण तिथे क्लिकर पूर्ण बंद पडत नाही. तो अडखळतो. समजा, एका महाविद्यालयाच्या सभागृहात लॅपटॉप पोलादी पोडियमच्या आतल्या फळीवर ठेवला आहे. त्याच्या एका बाजूला दोन निळी यूएसबी पोर्ट शेजारी-शेजारी आहेत. एकात बाहेरची हार्ड डिस्क, दुसऱ्यात रिसीव्हर. पोडियमपाशी उभे राहून पाहिले तेव्हा सगळे सुरळीत चालले. पण व्याख्यात्या सहा-सात मीटरवर, मंचाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या की तीनातले एखादे दाबणे वाया जाऊ लागते. नवे सेल घातले तरी फरक पडत नाही. मग हार्ड डिस्क काढून पाहिली जाते आणि त्याच जागेवरून प्रत्येक दाबण्याला स्लाइड सरकते.

दोष हार्ड डिस्कच्या वेगात आहे. यूएसबी ३.० मधून सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंत माहिती धावते आणि त्या वेळी जोडणीतून व केबलमधून रेडिओचा गोंगाट बाहेर झिरपतो. तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केले होते. क्लिकरचा क्षीण संदेश त्या गोंगाटाला खेटूनच ऐकायचा असल्याने रिसीव्हरला तो जवळून ऐकू येतो, लांबून येत नाही. त्यात पोडियमचा पत्रा लहरी अडवतो. वक्ता लॅपटॉपकडे पाठ करून क्लिकर छातीशी धरून उभा राहिला, तर त्याचे शरीरही आडवे येते, कारण शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते.

उपाय स्वस्त आहे. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला, हार्ड डिस्कपासून लांब लावावा; यूएसबी २ चे पोर्ट असेल तर ते उत्तम. त्याहून खात्रीचा इलाज म्हणजे मीटरभर लांबीची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल. तिच्या टोकाला रिसीव्हर लावून तो पोडियमच्या वरच्या कडेवर, वक्त्याला दिसेल असा ठेवावा. व्याख्यानांना नेहमी जाणाऱ्याच्या बॅगेत ही केबल असायलाच हवी.

सेलचा दोष मात्र चटकन ओळखू येतो. लेझर मंद होतो, पल्ला कमी होतो, आणि थोडा वेळ क्लिकर बाजूला ठेवला की तो पुन्हा चार-पाच स्लाइड चालतो. दमलेला सेल विश्रांतीनंतर थोडा सावरतो, म्हणून हे घडते. त्यावर विसंबून व्याख्यान सुरू करू नये. बऱ्याच क्लिकरना दोन बारीक पेन्सिल सेल, म्हणजे ट्रिपल ए, लागतात. दोन्ही एकदमच बदलावेत, एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावू नये. रिचार्जेबल सेलचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे काही क्लिकर ते भरलेले असतानाही कमी चार्ज दाखवतात. झाकण उघडल्यावर स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड दिसली, तर सेल गळला आहे. ती कोरड्या फडक्याने घासून काढल्याशिवाय नवे सेलही चालायचे नाहीत.

हे सगळे ठीक असूनही फाइलचे पान हलत नसेल, तर रिसीव्हर आणि क्लिकर यांची जोडी तुटली आहे, किंवा ती कधी जुळलेलीच नव्हती. एकाच विभागात एकसारखे तीन क्लिकर असले की रिसीव्हर एकमेकांत मिसळतात. परका रिसीव्हर खोचल्यावर संगणक नेहमीचा आवाज करतो, Device Manager मध्ये तो Keyboards खाली दिसतोही, पण हातातल्या क्लिकरला तो ओळखत नाही. नव्याने जुळवता येणाऱ्या क्लिकरमध्ये बहुधा रिसीव्हर काढून पुन्हा लावायचा आणि लगेच, काही सेकंदांच्या आत, ठरावीक बटणे दाबून धरायची असतात. ती कोणती, हे प्रत्येक मॉडेलचे वेगळे, म्हणून माहितीपत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. काहींना कंपनीचे सॉफ्टवेअर लागते आणि सभागृहाच्या संगणकावर ते बसवायची परवानगी नसू शकते. ब्लूटूथचा क्लिकर असेल तर यादीतून जुनी नोंद काढून टाकावी आणि पुन्हा जोडावा. कारखान्यातच जोडी लावून विकलेले क्लिकर मात्र दुसऱ्या रिसीव्हरला जुळत नाहीत. तो हरवला की क्लिकर निकामी. म्हणून क्लिकर आणि त्याचा रिसीव्हर, दोन्हींवर एकाच रंगाचा ठिपका लावून ठेवावा.

ही जुळवाजुळव व्याख्यानाच्या निदान अर्धा तास आधी करावी आणि मंचाच्या लांबच्या टोकावरून दहा स्लाइड पुढे-मागे करून पाहाव्यात. पाच मिनिटे उरली असताना क्लिकर अडला, तर त्याच्या नादी न लागता लॅपटॉपपाशी कुणाला तरी बसवावे. उजव्या बाणाची कळ तेच काम करते.