चोरीला गेलेला माल, मागितलेली भरपाई आणि नाकारलेली रक्कम

मंडळी, आज एक साधी गोष्ट पाहू. दुकानात चोरी झाली, तर वहीत काय लिहायचं? आपल्याला वाटतं, माल गेला म्हणजे शिल्लक कमी झाली, लिहायचं काय त्यात? पण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एका कापड दुकानाचं उदाहरण घेऊ. 1 एप्रिलला माल 4,00,000 रुपयांचा होता. जानेवारीपर्यंत खरेदी 6,00,000 आणि विक्री 7,50,000 झाली. विक्रीवर ढोबळ नफा नेहमी 20 टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत 6,00,000. तेव्हा दुकानात 4,00,000 चा माल हवा. एका रात्री शटर तोडून चोरी झाली. सकाळी पंचनाम्याच्या वेळी मोजदाद केली, तर 2,40,000 चाच माल भरला. म्हणजे 1,60,000 चा गेला.

आता वहीत काहीच लिहिलं नाही, तर व्यापार खात्यात 1,50,000 च्या नफ्याऐवजी 10,000 चा ढोबळ तोटा दिसतो! दुकानदाराला वाटेल, आपले भावच चुकले. भाव बरोबर होते. चोरी व्यापाराच्या पोटात लपली. म्हणून पहिली नोंद अशी: ‘चोरीने नुकसान’ खाते नावे 1,60,000, व्यापार खाते जमा 1,60,000. नफा पुन्हा 1,50,000 होतो. शिवाय, चोरीच्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिटही परत करावं लागतं. ते वेगळं नुकसान.

मग विमा कंपनीकडे पूर्ण 1,60,000 चा दावा केला. इथे आपण थांबू. दावा करणं म्हणजे आपलं म्हणणं मांडणं. ते अजून ‘येणं’ नाही. कंपनीने मान्य करेपर्यंत तिच्या नावे रक्कम टाकू नये. 31 मार्चपर्यंत निर्णय आला नाही आणि पैसे मिळण्याची पक्की खात्री नसेल, तर सगळं नुकसान नफा-तोटा खात्यात न्यावं; भरपाई मंजूर होईल त्या वर्षी ती उत्पन्न धरावी.

आपल्या दुकानदाराला उत्तर फेब्रुवारीतच आलं: 1,20,000 मंजूर, 40,000 नामंजूर. तो चिडला, “चोरी खरी, मग पैसे का कापले?” कारण पॉलिसीत सरासरीचं कलम होतं. दुकानात माल 4,00,000 चा, विमा मात्र 3,00,000 चा. तीन चतुर्थांश मालाचा विमा, म्हणून भरपाईही नुकसानीच्या तीन चतुर्थांश. उरलेल्या चौथ्या हिश्श्याचा विमेदार आपण स्वतःच! गेलेला माल विम्याच्या रकमेपेक्षा कमी किमतीचा आहे, एवढ्याने पूर्ण भरपाई मिळत नाही.

शेवटची नोंद: विमा कंपनी खाते नावे 1,20,000, नफा-तोटा खाते नावे 40,000, ‘चोरीने नुकसान’ खाते जमा 1,60,000. हे खातं इथे बंद होतं. नाकारलेले 40,000 ‘कधीतरी मिळतील’ म्हणून ताळेबंदात येणं दाखवत राहिलो, तर चोराने नेलेला माल आपण कागदावर परत आणलेला असतो.