वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात माकडांच्या कळपाचं एक कोडं आहे. ग्रंथ इ.स. ११५० च्या सुमाराचा. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले, उरलेल्या संख्येचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक माकड तेवढं फांदीवर चढलेलं दिसतंय. तर कळपात एकूण माकडं किती?

एकूण माकडं x मानली तर गुहेत (x/५ − ३)² माकडं गेली आणि बाहेर एक राहिलं. समीकरण सोडवत गेलं की x² − ५५x + २५० = ० असं वर्गसमीकरण हाती येतं आणि त्याची दोन उत्तरं निघतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा. त्यातून तीन गेले, सात उरले, सातांचा वर्ग एकोणपन्नास, अधिक फांदीवरचं एक. हिशेब जुळला. पाचाचं मात्र तसं नाही. पाचाचा पाचवा हिस्सा एक, आणि एका माकडातून तीन माकडं वजा कशी करणार? भास्कराचार्यांनी दुसरं उत्तर घेऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. मोजता येणाऱ्या वस्तू ऋण संख्येत असतात हे लोकांना पटत नाही, असं त्यामागचं कारण त्यांनी दिलं आहे.

आता हेच कोडं जरा उलटं मांडून पाहू. बाहेरचं एक माकड सोडलं तर उरलेल्यांचं वर्गमूळ हे पाचव्या हिश्शाहून तीनने कमी असतं:

√(x − १) = x/५ − ३

दोन्ही बाजूंचा वर्ग केला की पुन्हा तेच वर्गसमीकरण आणि तीच दोन उत्तरं. पण या वेळी पाचाला नकार द्यायला गोष्टीतल्या माकडांची गरज पडत नाही. x = ५ ठेवलं की डावी बाजू √४, म्हणजे २. उजवी बाजू १ − ३, म्हणजे −२. दोन आणि उणे दोन सारखे नाहीत, म्हणून ५ ही या समीकरणाची उकल नाही. सोडवण्याच्या वाटेवर ती बाहेरून आत शिरली. अशा उत्तराला उपरी उकल म्हणू.

ती शिरते कुठून? वर्ग करण्याच्या पायरीवर. २ चा वर्ग ४ आणि −२ चा वर्गही ४. वर्ग केला की मूळ संख्येचं चिन्ह कोणतं होतं याची खूण राहत नाही. म्हणजे ‘दोन्ही बाजू समान आहेत’ या अटीऐवजी आपण नकळत ‘दोन्ही बाजू समान आहेत किंवा फक्त चिन्हाने वेगळ्या आहेत’ अशी सैल अट सोडवायला घेतो. दारच रुंद केल्यावर आणखी कुणी आत आलं तर नवल नाही. इथे एक गोष्ट पक्की ठेवायला हवी: √४ या चिन्हाचा अर्थ फक्त २. चाराला दोन वर्गमुळं आहेत हे खरं, पण √ हे चिन्ह त्यांतलं ऋण नसलेलं मूळच दाखवतं. √४ = ±२ असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पाच हे उत्तर बरोबरच वाटणार.

म्हणून प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहायचं. ‘मूळ’ या शब्दावर सगळा भर आहे. बरेच विद्यार्थी ताळा करतात, पण तो वर्ग केल्यानंतरच्या समीकरणात. तिथे ५ ठेवलं तर २५ − २७५ + २५० = ०, ताळा चोख! हा ताळा काहीच सांगत नाही, कारण उपरी उकल त्याच समीकरणातून जन्मली आहे.

दुसरी चूक याहून जास्त दिसते: ऋण उत्तर दिसलं की ते खोडायचं. सरावपत्रिकेत ही दोन समीकरणं शेजारी शेजारी असायलाच हवीत:

√(२x + ३) = x
√(३ − २x) = −x

पहिल्याची उत्तरं ३ आणि −१ येतात. −१ ठेवलं की डावीकडे १, उजवीकडे −१, म्हणून ते बाद. दुसऱ्याची उत्तरं १ आणि −३. तिथे −३ ठेवलं तर डावीकडे √९ म्हणजे ३, उजवीकडेही ३. ऋण उत्तर खरं ठरलं, आणि १ ठेवल्यावर डावीकडे १ व उजवीकडे −१ आल्यामुळे धन उत्तर उपरं निघालं. ऋण असायला बंदी x ला नाही. ज्या बाजूची वर्गमुळाशी बरोबरी केली आहे, ती बाजू ऋण असून चालत नाही.

केवल मूल्याच्या समीकरणांतही हाच प्रकार घडतो, कारण केवल मूल्य म्हणजे शून्यापासूनचं अंतर आणि तेही चिन्ह पुसून टाकतं. |२x − ५| = x − ४ हे उदाहरण घ्या. रीतीप्रमाणे दोन शक्यता लिहायच्या. २x − ५ = x − ४ यातून x = १. २x − ५ = −(x − ४) यातून x = ३. कुठेही चूक नाही. आता मूळ समीकरणात १ ठेवा: डावीकडे ३, उजवीकडे −३. ३ ठेवा: डावीकडे १, उजवीकडे −१. दोन्ही बाद, समीकरणाला उकलच नाही. हे आधीही दिसू शकलं असतं. उजवी बाजू ऋण नसायला x किमान ४ हवा, आणि दोन्ही उत्तरं त्याहून लहान आहेत.

पण दोन्ही उत्तरं बाद झाली की ‘उकल नाही’ असं लगेच लिहायची घाई नको. √(x + ७) = x + १ सोडवताना एखाद्याने (x + १)² चं x² + १ केलं, मधलं २x विसरलं, असं धरू. त्याला x² − x − ६ = ० मिळेल आणि उत्तरं येतील ३ व −२. ३ ठेवलं तर √१० आणि ४. −२ ठेवलं तर √५ आणि −१. दोन्ही जुळत नाहीत. इथे आकड्यांकडे नीट पाहिलं पाहिजे. खऱ्या उपऱ्या उकलीत दोन बाजूंचा आकडा तोच असतो, फक्त चिन्ह उलटं असतं. √१० आणि ४ हे आकडेच वेगळे आहेत, म्हणजे गडबड आकडेमोडीत आहे. वर्ग नीट केला की x² + x − ६ = ० येतं, उत्तरं २ आणि −३. २ ठेवल्यावर ३ = ३, जुळलं. −३ ठेवल्यावर २ आणि −२: हीच उपऱ्या उकलीची ओळख.

ही ओळख एका बाजूला एकटं वर्गमूळ किंवा एकटं केवल मूल्य असेल तिथे लागू पडते. दोन्ही बाजूंना वर्गमूळ असेल तर वेगळीच अडचण येऊ शकते. √(२x − ३) = √(x − ५) यातून x = −२ मिळतं. ते ठेवलं की दोन्हीकडे √(−७) येतं. दोन्ही बाजू दिसायला हुबेहूब, चिन्हाचाही फरक नाही. पण ऋण सातचं वर्गमूळ वास्तव संख्यांत नाही, म्हणून शाळेच्या गणितात −२ बाद, आणि या समीकरणाला उकल नाही.